कल्लो उघडून दाखवणारा काशीराम

आमच्या तोंडवलीत माणसाची किंमत दोन गोष्टींवरून ठरते. एक, तो मासा कसा निवडतो. दोन, त्याच्याबद्दल मी काय सांगतो. पहिल्या बाबतीत काशीराम कुबल गावात अव्वल होता. दुसऱ्या बाबतीत त्याचं नशीब फारसं बरं नव्हतं, कारण त्याचं घर माझ्या घराला लागून. मधे फक्त एक दगडांचा गडगा, आणि तोही कोंबडीला ओलांडता येईल एवढाच. मी मच्छिमार सोसायटीत कारकून. कागद आणि बातम्या, दोन्ही माझ्या टेबलावरून जातात, आणि बातम्या जाताना थोड्या फुगून जातात असं लोक म्हणतात. आज मात्र फुगवणार नाही. हे लिहितोय ते उपकार फेडायला, आणि उपकार फेडताना मापात पाप चालत नाही.

काशीराम आधी ट्रॉलरवर जायचा. बोटीवरचा वायरलेस आणि मासे दाखवणारं यंत्र बिघडलं की जाळं बाजूला ठेवून तेच दुरुस्त करत बसायचा. दोन हजार सातला डेकवर पाय घसरून गुडघ्याची वाटी फुटली. ती बसली, पण बोटीवर तोल सांभाळण्यासारखी बसली नाही. घरात बायको यशोदा होती, तिची मासळीची टोपली होती, आणि एक माणूस पडवीत बसून गुडघ्याला तेल चोळत होता. मी गडग्यावरून म्हणायचो, "काश्या, तेल जरा जपून लाव, फोडणीक उरांदे." तो हसायचा, पण हसू गुडघ्यापर्यंत पोचत नव्हतं.

मग कुणीतरी बंद पडलेला मोबाइल दुरुस्त करायला दिला. तो चालू झाला. दुसऱ्याने दिला. गणपतीला मुंबईहून आलेले चाकरमानी जुने सेट इथेच टाकून जायला लागले, गोव्यात कामाला जाणाऱ्या पोरांकडून आणखी यायला लागले. काशीरामाने पडवीत टेबल मांडलं, बारीक पेचकस आणले, गरम हवेची गन आणली, बोर्ड धुवायला स्पिरिट आणि दात घासायचा जुना ब्रश. दुरुस्त केलेले फोन गावात विकून किती विकणार? तेव्हा मालवणातल्या सायबर कॅफेच्या पोराने त्याला इंटरनेटवरच्या लिलावाच्या एका साइटची वाट दाखवली. काशीरामाला लिलाव म्हटल्यावर काही शिकवावं लागलं नाही. किनाऱ्यावर रोज दोन लिलाव बघत वाढलेला माणूस. इथे ओरडायचं नाही आणि माशीही बसत नाही, एवढाच फरक.

साइट इंग्रजीत. म्हणून वर्णन लिहायचं काम माझ्याकडे आलं. काशीराम मालवणीत सांगायचा, मी इंग्रजीत उतरवायचो, आणि मंगळवारी दोघं एस.टी.ने मालवणात जाऊन ते टाकून यायचो. या कामात आमची जी भांडणं झाली ती लिहिली तर सोसायटीचं दप्तर भरेल. मी लिहायचो, "लाइक न्यू." तो म्हणायचा, नवीन खंयचो, तीन वर्सां वापरलेलो आसा, खोडा. मी लिहायचो, "एक्सलंट कंडिशन." तो म्हणायचा, लिहा की पाचाचं बटण जरा जोरात दाबावं लागतं, मागच्या झाकणावर मांजराने ओरबाडल्यासारखी रेघ आहे, आणि कॅमेरा चालतो पण त्यापेक्षा डोळे बरे. शेवटचं मी एकदा तसंच टाकलं. ते वाचून इचलकरंजीच्या एका माणसाने तो फोन घेतला. लोकांना खरं आवडतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझ्या धंद्याच्या दृष्टीने जरा वाईटही वाटलं.

त्याची टेस्टिंग बघण्यासारखी. फोन मिळाला की आधी स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून पडद्यावर येणारा पंधरा आकडी नंबर बघायचा, आणि तोच नंबर बॅटरीखाली छापलेला आहे की नाही ते ताडून बघायचा. जुळला नाही किंवा नंबरच नसला तर सेट परत. बॅटरी काचेवर ठेवून बोटाने फिरवायचा. गरगर फिरली तर फुगलेली, म्हणजे पोट वर आलेली. मग फुल चार्ज करून दोन दिवस नुसता ठेवून द्यायचा, किती उतरतो ते पाहायला. आधीच्या मालकाचे नंबर, फोटो, निरोप सगळं पुसून टाकायचा. (हे पुसण्याआधी मला जरा वाचू दे, असं मी एकदा म्हटलं होतं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा म्हटलं नाही.) माइक तपासायचा म्हणजे तो पडवीतून मला फोन लावायचा आणि मी माझ्या पडवीतून दहा मिनिटं बोलायचो. दहा मिनिटं बोलण्यासाठी गावात माझ्याइतका भरवशाचा माणूस दुसरा नव्हता. कितीतरी फोन माझ्या तोंडून शेजारच्या आचऱ्यातल्या भानगडी ऐकून पास झाले आहेत.

पार्सल मासळीच्या थर्माकोलच्या तुकड्यांतून व्हायचं. पहिल्याच गिऱ्हाइकाने लिहिलं होतं की फोन उत्तम, पण आमची मांजर खोक्यापासून हलत नाही. त्यानंतर थर्माकोल लिंबू लावून धुवायचा नियम आला.

आणि वर तीस दिवसांची वॉरंटी. साइटवर जुन्या फोनला कोण एवढी द्यायचं? पडला, भिजला, उघडला तर नाही. बाकी काहीही झालं तर परत पाठवा, टपालाचा खर्च माझा. मी म्हटलं होतं, अरे, मासा विकून आठ दिवसांनी कोण परत घेतो? तर यशोदा आतून म्हणाली, "भाई, मासो विकताना कल्लो उघडून दाखवतंय मी. दाखवलो की परत येणा नाय. ह्येनी पण तसाच करूचा." डोक्यामागचा कल्ला उघडला की मासा ताजा की शिळा ते कळतं; तेव्हापासून काशीरामाचा मंत्र तोच. कल्लो उघडून दाखवायचा.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी काशीरामाची आरती करतोय. थांबा. आता माझी पाळी आहे.

दोन हजार नऊचा श्रावण. दोडामार्गच्या दोघा भावांनी गोव्यात असताना एकाच दिवशी घेतलेले दोन सेट काशीरामाला विकले. एकाच मॉडेलचे, एकाच रंगाचे, जुळ्या भावांसारखे. दोन्ही चालू. काशीरामाने दोन्ही तपासले, आणि एकाचं वर्णन मी इंग्रजीत लिहिलं. त्यात काशीरामाच्या हट्टाने नंबरचे शेवटचे चार आकडे पण घातले, म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवला तोच फोन मिळाला याची खात्री पटावी. विकायचे सेट पिवळ्या क्रेटमध्ये राहायचे; हा दुसरा सेट मात्र सुट्या भागांच्या निळ्या क्रेटमध्ये जायचा होता. का, ते काशीराम सांगत होता. बॅटरी काढून आतला बारीक चौकोनी ठिपका त्याने दाखवला आणि म्हणाला, "हो ठिपको बघूचो, भाई. मासो घेतना कल्लो बघतास मा, तसो." एवढ्यात गडग्यापलीकडून गावातली हौसाबाई कुणाच्या तरी मोडलेल्या सोयरिकीची बातमी घेऊन आली आणि पुढचं वाक्य मी ऐकलं नाही. सोयरीक महत्त्वाची होती.

दोन दिवसांनी काशीरामाला विजयदुर्गाहून बोलावणं आलं, एका ट्रॉलरचा वायरलेस बंद पडला होता. तो गेला आणि इकडे लिलाव संपला. फोन साताऱ्याच्या गौरजा नावाच्या बाईंनी घेतला, शाळेत शिक्षिका होत्या. साइटचा नियम असा की तीन दिवसांत माल पाठवला पाहिजे. विजयदुर्गाचं काम लांबलं. काशीरामाने तिकडून निरोप दिला, भाई, चिठी लावलेलो फोन टेबलावर आसा, तेवढो स्पीड पोस्टाने धाडा.

मी गेलो. टेबलावर दोन फोन होते. चिठ्ठी जमिनीवर होती, पंख्याने उडालेली.

आता मी कारकून माणूस, पण एवढीही अक्कल नाही असं नाही. मला ठिपका आठवला, त्याचा रंग मात्र नाही. दोन्ही फोनच्या बॅटऱ्या काढल्या. एकात ठिपका पांढरा फटक. दुसऱ्यात लाल. मी यशोदेला हाक मारली. "यशोदे, कल्लो लाल बरो की पांढरो?" तिने टोपलीतून डोकं वर न काढता सांगितलं, "लाल तो ताजो. पांढरो पडलो तो मांजराक." अख्ख्या किनाऱ्यावर याबाबत दुमत नाही. मी लाल ठिपक्याचा फोन थर्माकोलात गुंडाळला, पांढरा निळ्या क्रेटमध्ये टाकला, आणि मालवणच्या पोस्टातून पार्सल करून येताना स्वतःवर खूश होऊन एक सोडा पण प्यालो. चार आकडे ताडून बघायला हवे होते, ते आठवलंच नाही. खवले मोजून मासा कोण घेतो?

गौरजाबाईंना फोन मिळाला, आवडला. त्यांनी साइटवर पाच तारे दिले. साइट गिऱ्हाइकाचे पैसे अडवून ठेवते आणि माल पोचल्यावर सोडते, तेही सुटले. सगळं झकास.

अकराव्या दिवशी काशीराम एका गिऱ्हाइकाच्या फोनसाठी पडदा शोधत निळ्या क्रेटमध्ये हात घालून बसला होता. मी गडग्यावर. त्याने तो सेट उचलला, बॅटरी काढली आणि थांबला. मग नंबर बघितला. मग माझ्याकडे.

"भाई, तुमी खंयचो फोन धाडल्यात?"

मी अभिमानाने सांगितलं, लाल कल्ल्याचा. काशीरामाने हातातला फोन टेबलावर ठेवला. मग त्याने शांतपणे मला ते अर्धं राहिलेलं वाक्य सांगितलं, जे हौसाबाईच्या सोयरिकीत बुडालं होतं. तो ठिपका कोरडा असला की पांढरा. पाणी लागलं की लाल होतो. मासा आणि मोबाइल यांचं इथे उलटं आहे. तो दुसरा भाऊ फोन खिशात ठेवून समुद्रात उतरला होता.

मी म्हटलं, पण चालतोय ना? बाईंनी पाच तारे दिलेत. काशीराम म्हणाला, आज चालतो. खारं पाणी सुकलं तरी मीठ बोर्डावर राहतं, आतून चरत जातं. महिना, दीड महिना. आधी माइक जाईल, मग एक दिवस सगळाच गप होईल.

मी बोटांवर हिशोब केला. "म्हणजे वॉरंटी सरल्यावर. बघ, देवाचीच इच्छा."

हे वाक्य मी बोललो आहे. नाकारत नाही. काशीरामाने यादीतून साताऱ्याचा फोन नंबर काढला.

त्याला काय गमवावं लागणार होतं ते मी जाणून होतो. साइटवर त्याच्या नावापुढे शंभर टक्के होतं, एकही तक्रार नव्हती. त्यावरच लोक घेत होते. जाहिरातीतला फोन एक आणि पाठवला दुसरा, ही साइटच्या लेखी फसवणूक, दुकान बंद करण्यासारखी. आणि गुडघा घेऊन तो परत बोटीवर जाऊ शकत नव्हता. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने ऐकलं आणि नंबर फिरवला.

ऑफिसात बोलतात तसं शुद्ध मराठी काढून तो म्हणाला, "मॅडम, मी काशीराम कुबल, मालवणहून. तुम्हाला आमच्याकडून चुकीचा फोन आला आहे. पाण्यात पडलेला, थोड्या दिवसांत आधी त्याचा माइक जाईल. तो मला परत पाठवा, मी चांगला देतो."

पलीकडून जे आलं ते गडग्यापर्यंत ऐकू आलं. बाई मूर्ख नव्हत्या. फोन छान चालतोय, आणि विकणारा स्वतःच फोन करून तो परत मागतोय? असा विकणारा त्यांनी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर कुणीच पाहिला नसेल. त्यांनी ठरवलं की चांगला फोन परत घेऊन बिघडलेला गळ्यात मारायचा हा डाव आहे. काशीराम म्हणाला, बॅटरी काढून बघा, लाल ठिपका दिसेल, आणि नंबरचे शेवटचे चार आकडे वर्णनाशी ताडून बघा. त्यांनी बघितले. आकडे जुळेनात. आता त्यांना फसवणुकीचा पुरावाच मिळाला, आणि तो विकणाऱ्यानेच दिला. फोन खाली ठेवला.

दोन दिवसांनी सायबर कॅफेत जाऊन बघतो तर साइटचं पत्र. तक्रार आली आहे, खुलासा द्या, तोवर दुकान बंद. काशीरामाचे अकरा फोन आणि एक लॅपटॉप पडद्यावरून उतरवले होते. त्याच्या नावापुढे काहीच नव्हतं.

येताना एस.टी.त तो खिडकीशी बसला होता. दोघांची तिकिटं त्या दिवशी मी काढली.

खुलासा मलाच लिहायचा होता. मी लिहिलं. सुंदर लिहिलं. आमच्या पॅकिंग विभागात काही तांत्रिक कारणाने अदलाबदल झाली, असं भारदस्त इंग्रजी. काशीरामाला अर्थ सांगितला. त्याने विचारलं, "पॅकिंग विभाग म्हणजे कोण, भाई?"

मी म्हटलं, म्हणजे, मीच.

"मग विभाग कित्याक म्हणतास? काढा ता."

मी म्हटलं, मग माझं नाव घाल. शेजाऱ्याने गाढवपणा केला, मी गावात नव्हतो, असं लिहू. ते खरंही आहे आणि तू सुटशील. मी मनापासून म्हणत होतो, पण भीतीही होती. गावाची खबर मी ठेवतो, माझी खबर गावाने ठेवली तर?

काशीराम गुडघा चोळत बसला. मग म्हणाला, "पार्सलार नाव कोणाचा होता? माजा. मगे माज्याच घराक चूक झाली. तसाच लिवा."

चार ओळी लिहिल्या. आमच्याकडून चुकीचा, पाणी लागलेला फोन गेला. आम्हाला अकराव्या दिवशी कळलं, आम्ही लगेच फोन केला. बरोबर फोन आजच पाठवतो आहोत. चुकीचा परत पाठवायचा की नाही ते ग्राहकाने ठरवावं.

शेवटची ओळ ऐकून मी ओरडलो. आधी तिचा येऊ दे, मग आपला पाठव, असंच जग करतं. दोन्ही फोन तिच्याकडे राहिले तर? काशीराम म्हणाला, भाई, ती म्हणते की मी चांगला घेऊन वाईट देणार. मग आधी चांगला दिल्याशिवाय तिला कसं कळणार की तसं नाही?

पांढऱ्या ठिपक्याचा फोन पुन्हा तपासून पाठवला. बॅटरी काढलेल्या अवस्थेत ठिपका दिसेल असा एक फोटो छापून आत घातला, नंबर गोल करून. परतीच्या पार्सलासाठी पत्ता लिहिलेलं पाकीट आणि टपाल तिकिटं सुद्धा. थर्माकोल मी धुतला. तीनदा. लिंबू माझ्या झाडाचं होतं, एवढाच माझा वाटा.

पुढचे दिवस यशोदेची टोपली घर चालवत होती. मला मासा देताना ती रोज कल्लो उघडून दाखवायची आणि विचारायची, "भाई, ह्यो कसो? बरो की मांजराक?" सगळ्या बायकांसमोर. मी मुकाट घ्यायचो. गावात आजवर मी इतक्यांना टोमणे मारलेत, पण खरा टोमणा कसा असतो ते तिने शिकवलं.

बाराव्या दिवशी पोस्टमन शिवा पडवीत आला. पार्सल मोठं होतं, फोनला लागतं त्याच्या चौपट. काशीरामाने उघडलं. वर आमचंच पाकीट, आत लाल ठिपक्याचा फोन. खाली जाड फडक्यात गुंडाळलेला लॅपटॉप. सोबत मराठीत चिठ्ठी. ती त्याने मला वाचायला दिली, आणि मी मोठ्याने वाचली, शाळेतल्यासारखी.

"श्री. कुबल, चुकीचा फोन परत पाठवत आहे. गेल्या आठवड्यात त्याच्यावर माझा आवाज पलीकडे जाईनासा झाला. तुम्ही सांगितलं तसंच. तोपर्यंत तुमचा दुसरा फोन आला होता. साइटला मी कळवलं आहे. हा लॅपटॉप माझ्या वडिलांचा, बंद पडला आहे. इथे दोघांनी दोन वेगळी कारणं सांगितली. तुम्ही जे सांगाल ते मी खरं मानेन. दुरुस्त होण्यासारखा नसेल तर तसं सांगा."

वाचून झाल्यावर काशीरामाने चिठ्ठी माझ्या हातातून घेतली आणि परत एकदा स्वतः वाचली, ओठ हलवत. मग लॅपटॉपचं झाकण उघडलं, बिजागरी हलवून बघितली, पंख्याच्या जाळीत फुंकर मारली. धूळ उडाली ती माझ्या तोंडावर.

मंगळवारी मालवणात गेलो. दुकान उघडं होतं. नावापुढचं शंभर टक्के परत आलं होतं. बाईंनी नवीन लिहिलं होतं, इंग्रजीत, मी काशीरामाला मालवणीत सांगितलं: ह्या माणसान आपली चूक माका कळण्याआदी सांगली. सायबर कॅफेच्या पोराने विचारलं, काका, डोळ्यांत काय गेलं? काशीराम म्हणाला, तुज्या पंख्याची धूळ.

त्यानंतर प्रत्येक वर्णनात त्या ठिपक्याचा फोटो जायला लागला. इतर कुणी साइटवर तसं करत नव्हतं. लोक विचारायचे, हा पांढरा चौकोन कसला, आणि समजल्यावर घ्यायचे. लॅपटॉपसाठी सातारा, वाई, कराडकडून पार्सलं यायला लागली, एका शिक्षिकेने आपल्या शाळेत सांगितल्यामुळे. मला त्याचं श्रेय थोडं द्यावं असं मी एकदा सुचवलं. माझा गाढवपणा नसता तर गौरजाबाई फक्त एक गिऱ्हाईक राहिल्या असत्या. काशीराम म्हणाला, खरा आसा, आणि मला चहा दिला. यशोदेने दिला नाही.

गावात आजवर कुणाला कळलं नाही की तो फोन कोणी पाठवला होता. मी कुणाची लपवलेली एवढीशी गोष्ट आठवडाभर दाबून ठेवू शकत नाही. त्याने माझी मोठी चूक दाबून ठेवली आणि वर तिला आपलं नाव लावलं. आता मीच सगळं लिहून टाकलं, म्हणजे तुम्हाला कळलंच. उपकार असाच फेडायचा असतो, आपली अब्रू देऊन.

दोन्ही क्रेट अजून पडवीत आहेत. निळ्यावर काशीरामाने मोठ्या अक्षरांत रंगवलंय: लाल ठिपको, कुसलेलो. पिवळ्यावर: पांढरो ठिपको, ताजो. खाली त्याच्याच हातची, बारीक अक्षरांत एक ओळ आणखी आहे. पाहुण्यांना ती कळत नाही, विचारतात. मी सांगतो, कोणी बाहेरच्याने लिहिली असेल. ओळ अशी: *यशोदेक विचारू नये.*